संत्र्याची साल, प्रक्षेपण आणि प्रमाण: एकाच तासात कसं शिकवावं

प्रक्षेपणाचा तास बिघडतो तो बऱ्याचदा बाजारातच, चुकीचं फळ घेतल्यामुळे. मोसंबी छान गोल असते, पण तिची साल गराला चिकटलेली असते आणि नखाएवढ्या तुकड्यांनी निघते. फार पिकलेल्या नागपुरी संत्र्याची साल आतून सुटून पोकळ झालेली असते, त्यावर पेन टेकवलं की खड्डा पडतो. तुम्हाला हवं आहे ते घट्ट, मध्यम पिकलेलं, साल थोडी सैल पण हाताला भरीव लागणारं आणि जमेल तितकं गोल फळ. किन्नू मिळाला तर तोही चालतो. रुंदी साधारण ८ सेंटिमीटर असू द्या. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

हा लेख वर्गात पहिल्यांदाच नकाशा प्रक्षेपण शिकवणाऱ्या आणि त्यासाठी स्लाइड करायला बसलेल्यांसाठी आहे. बहुतेक ठिकाणी नकाशाचं प्रमाण एका तासाला शिकवतात आणि प्रक्षेपण दुसऱ्या, कधीकधी दुसऱ्या महिन्यात. मला हे पटत नाही. सालीने विचार केला तर हा एकच धडा आहे: गोलावर प्रमाण सगळीकडे एकच असतं आणि गोल सपाट केला की ते जागोजाग बदलतं. प्रक्षेपण म्हणजे ते कुठे आणि कसं बदलू द्यायचं याची निवड.

आधी संत्र्याचं प्रमाण काढा

पहिल्या स्लाइडवर नकाशा नको. संत्र्याचा फोटो आणि त्याखाली एकच प्रश्न: या संत्र्याचं प्रमाण किती?

पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. संत्र्याचा ८ सेंटिमीटर. भागाकार मुलांनाच करू द्या. १ सेंटिमीटरला साधारण १,६०० किलोमीटर येतात. हे झालं शब्दप्रमाण. किलोमीटरचे सेंटिमीटर केले की अंकप्रमाण १:१६,००,००,००० च्या आसपास येतं, म्हणजे एकास सोळा कोटी. शून्यं मोजताना अर्धा वर्ग चुकतो. चुकू द्या, फळ्यावर एकदा सावकाश मोजून दाखवा. १ किलोमीटर म्हणजे १ लाख सेंटिमीटर एवढं पाठ असलं की पुन्हा गडबड होत नाही.

मग त्या प्रमाणाला काहीतरी काम द्या. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर, म्हणजे आपल्या संत्र्यावर भारत २ सेंटिमीटर लांब, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा. महाराष्ट्राची पूर्वपश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर, म्हणून तो अर्धा सेंटिमीटर. इथे एक गोष्ट ठामपणे सांगून ठेवा, कारण थोड्या वेळाने तीच मोडायची आहे: या संत्र्यावर कुठेही पट्टी लावा, देठाजवळ लावा किंवा पोटावर, १ सेंटिमीटर म्हणजे १,६०० किलोमीटरच.

एखादा हुशार मुलगा म्हणेल, सर, संत्रं वरून-खालून चपटं आहे. बरोबर आहे. पृथ्वीही चपटी आहे, पण फारच कमी. ८ सेंटिमीटरच्या गोलावर तो चपटेपणा पाव मिलिमीटरच्या आसपास येईल. संत्रं त्यापेक्षा कितीतरी जास्त चपटं असतं, म्हणून तुमची मोजमापं थोडी हलतील. हे आधीच सांगा, म्हणजे नंतर दोरा २५ ऐवजी २४ सेंटिमीटर भरला तर कोणी गोंधळणार नाही.

रेषा आखणं

फळ कोरड्या फडक्याने पुसून घ्या. सालीवर मेणाचा किंवा तेलाचा थर असतो आणि स्केच पेन त्यावर फिसकटतं. कायम शाईचा बारीक मार्कर सगळ्यात बरा. तो नसेल तर बॉलपेन चालतं, फक्त दाबून ओढू नका, नाहीतर तेल सुटतं आणि रेघ पसरते.

देठ म्हणजे उत्तर ध्रुव, बूड म्हणजे दक्षिण ध्रुव. कमरेवर रबरबँड चढवा, तो डोळ्याने सरळ बसवा आणि त्याच्या कडेने रेघ ओढा: विषुववृत्त. आता विषुववृत्तापासून देठाकडे सालीवरूनच ४.२ सेंटिमीटर मोजून तीन-चार ठिकाणी ठिपके द्या आणि ते जोडा. हे ६०° उत्तर अक्षवृत्त. हेच दक्षिणेलाही करा. मग देठापासून बुडापर्यंत सारख्या अंतरावर आठ उभ्या रेघा ओढा. या दर ४५° वरच्या रेखावृत्ताच्या रेघा. एवढी वृत्तजाळी पुरे. खंडं काढायच्या फंदात पडू नका. त्यात वीस मिनिटं जातात आणि आफ्रिकेचा बटाटा होतो.

खंडांऐवजी गोल काढा. पेनचं साधारण १ सेंटिमीटर रुंदीचं टोपण विषुववृत्तावर ठेवून एक वर्तुळ, आणि त्याच टोपणाने ६०° वर दुसरं. दोन्ही सारखी दिसली पाहिजेत. फ्रेंच गणिती तिसो यांनी एकोणिसाव्या शतकात नकाशातली विकृती दाखवायला हीच युक्ती वापरली: गोलावर बारीक सारखी वर्तुळं कल्पायची आणि नकाशावर त्यांचं काय होतं ते पाहायचं. वर्तुळ मोठं झालं तर क्षेत्रफळ बिघडलं, लांबोळकं झालं तर आकार बिघडला. मुलांना एवढंच पुरतं.

आता या तासातलं सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप. विषुववृत्तावर दोरा गुंडाळा, तो साधारण २५ सेंटिमीटर भरतो. तोच दोरा ६०° च्या वृत्तावर गुंडाळा, १२.५ भरतो. बरोबर निम्मा. दोन्ही दोरे कापून फळ्यावर एकाखाली एक चिकटवा आणि तास संपेपर्यंत तिथेच राहू द्या. गणित येणाऱ्या वर्गाला सांगा की ६०° चा कोसाइन अर्धा असतो म्हणून असं होतं. बाकीच्यांना दोरा पुरे.

साल काढणं

इथे हात हलका लागतो. देठापासून प्रत्येक उभ्या रेघेवर सुरीने साल कापत खाली या आणि विषुववृत्ताच्या अर्धा सेंटिमीटर आधी थांबा. बुडाकडूनही तसंच वर या. शेवटी एका रेघेवर मधला पट्टाही कापा, म्हणजे साल एका सलग पट्टीसारखी उलगडेल. सुरी गरात जाऊ देऊ नका, रस लागला की शाई वाहते. चमच्याची दांडी सालीखाली सारून हळूहळू सोडवा.

टेबलावर जे पसरतं ते असं दिसतं: मधोमध २५ सेंटिमीटर लांबीचा पट्टा, त्याला वर आठ आणि खाली आठ टोकदार पाकळ्या. प्रत्येक पाकळी विषुववृत्तापाशी सुमारे ३.१ सेंटिमीटर रुंद, ६०° वर त्याच्या निम्मी, आणि ध्रुवापाशी नुसतं टोक. दोन पाकळ्यांच्या मध्ये व्हीसारखी फट.

एक पाकळी दोन बोटांनी टेबलावर दाबा. ती पूर्ण सपाट बसत नाही. मधला भाग दबला तर कडा उचलतात, कडा दाबल्या तर बारीक तडे जातात. तडा गेल्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंत ऐकू येतो. हा क्षण घाईत घालवू नका. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक पाकळी दाबू द्या. साल रबरासारखी थोडी ताणते, म्हणून अरुंद पाकळी सपाट झाल्याचा भास होतो. तो भासच आहे. जुने पृथ्वीगोल करताना छापील कागदाच्या अशाच पाकळ्या, बहुधा बारा, चिकटवत. तिथेही कागद ओला करून किंचित ताणावा लागायचा.

मग शेंगदाण्याची पुडी घ्या. कागदाची सुरळी करून शंकू केला होता, उलगडला की पुन्हा सपाट. डब्यावरचं लेबलही तसंच, कापलं की सपाट. शंकू आणि नळकांडं हे वाकवलेले कागदच आहेत, गोल तसा नाही. १८२७ मध्ये गाउस या जर्मन गणितज्ञाने हे कायमचं सिद्ध केलं: गोलाचा पृष्ठभाग सगळी अंतरं राखून सपाट करताच येत नाही. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे, मुळात शक्यच नाही म्हणून. आणि म्हणूनच प्रक्षेपणाच्या धड्यात शंकू आणि दंडगोल इतक्या वेळा येतात. गोलावरची माहिती आधी त्यांच्यावर उतरवायची, मग ते उलगडायचे.

फटींचं काय करायचं?

स्लाइडवर आता तुमच्याच उलगडलेल्या सालीचा वरून काढलेला फोटो टाका आणि वर्गाला विचारा: या फटी बुजवायच्या कशा? उत्तरं मुलंच देतात. माझ्या अनुभवात ती तीनच येतात आणि प्रत्येक उत्तर म्हणजे एकेक प्रक्षेपण असतं.

पहिलं उत्तर: बुजवूच नका. फाटलेलंच राहू द्या. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ जॉन पॉल गूड यांनी १९२३ मध्ये असाच नकाशा मांडला. त्यांनी चिरा महासागरांत पाडल्या, त्यामुळे खंडं बहुतेक अखंड राहिली आणि क्षेत्रफळं खरी राहिली. त्याला संत्र्याच्या सालीचा नकाशाच म्हणतात. पिकं, जंगलं, लोकसंख्या दाखवायला उत्तम. पण त्यावर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाचा मार्ग काढून पाहा, पेन फटीत पडतं.

दुसरं उत्तर: पाकळ्या आडव्या ताणा. ६०° वर पाकळी निम्मीच रुंद आहे, म्हणजे तिथे ती दुप्पट ताणली की फट मिटते. फळ्यावरचा १२.५ सेंटिमीटरचा दोरा २५ चा करायचा, तेवढंच. आता टोपणाच्या वर्तुळाकडे बघा. विषुववृत्तावरचं जसंच्या तसं, ६०° वरचं आडवं दुप्पट, म्हणजे अंडाकृती. आकार बिघडला. तो परत आणायचा तर उभंही दुप्पट ताणावं लागेल. वर्तुळ पुन्हा गोल झालं, पण क्षेत्रफळ दोन गुणिले दोन, चौपट. फ्लँडर्सच्या गेरार्ड मर्केटर यांनी १५६९ मध्ये केलं ते हेच. जितकं आडवं ताणलं जातं तितकंच उभं ताणायचं, प्रत्येक अक्षांशावर. आकार लहान तुकड्यापुरते राखले गेले, दिशांचे कोन राखले गेले आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारं जहाज नकाशावर सरळ रेषेत जाऊ लागलं. खलाशाला यापेक्षा जास्त काही नको होतं. ध्रुवावर मात्र पाकळीची रुंदी शून्य. शून्याला कितीही ताणलं तरी २५ सेंटिमीटर होत नाही, म्हणून मर्केटर नकाशात ध्रुव कधीच येत नाही. नकाशा कुठेतरी कापून टाकावाच लागतो.

तिसरं उत्तर सहसा मागच्या बाकावरून येतं: आडवं ताणलं तर उभं दाबा, म्हणजे हिशेब बरोबर. अगदी बरोबर आहे. ६०° वर आडवं दुप्पट, उभं निम्मं, क्षेत्रफळ तेवढंच. गणितज्ञ लँबर्ट यांनी १७७२ मध्ये हे समक्षेत्र दंडगोल प्रक्षेपण मांडलं. इथे एक सुंदर गोष्ट दाखवता येते. असा नकाशा आपल्या संत्र्यासाठी केला तर त्याची लांबी विषुववृत्ताएवढी, २५.१ सेंटिमीटर, आणि उंची संत्र्याच्या व्यासाएवढी, ८ सेंटिमीटर. गुणाकार साधारण २०१ चौरस सेंटिमीटर. संत्र्याच्या सालीचं क्षेत्रफळही तेवढंच, २०१. गोल आणि त्याला चपखल बसणारा डबा यांचं हे नातं आर्किमिडीजला ठाऊक होतं. पण या नकाशात नॉर्वे-स्वीडन जेवणाच्या ताटाखाली सापडल्यासारखे चपटे दिसतात.

मुलांना वहीत काढायला लावायचं असेल तर ही तीन मापं द्या. विषुववृत्ताची रेघ २५ सेंटिमीटर ठेवा आणि ६०° ची रेघ तिच्यापासून किती वर काढायची ते पाहा. संत्र्यावर हे अंतर ४.२ सेंटिमीटर होतं. समक्षेत्र नकाशात ते ३.५ होतं, मर्केटरमध्ये ५.३. एकाच वहीत, शेजारी शेजारी. टोपणाच्या वर्तुळाचं काय होतं तेही त्यात काढा: एकात २ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर उंच अंडं, दुसऱ्यात २ सेंटिमीटरचा गोल. (६०° जवळ ताण झपाट्याने बदलतो, म्हणून खरा आकार वर थोडा जास्त आणि खाली थोडा कमी फुगतो. वर्गाला ही बारीक गोष्ट सांगायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असावी.)

काचेचा गोल, मध्ये दिवा आणि भोवती कागदाचं नळकांडं हे चित्र अनेक जण मर्केटरच्या स्लाइडवर टाकतात. ते चूक आहे. दिव्याच्या सावलीने ६०° ची रेघ ६.९ सेंटिमीटरवर जाईल, ५.३ वर नाही. तिथे आडवा ताण दुप्पट पण उभा चौपट होतो आणि वर्तुळ उभं लांबट होतं. मर्केटर हा सावलीचा नकाशा नाही, तो गणिताने ताणलेला आहे. दिव्याचं चित्र दाखवायचंच असेल तर ते फक्त ‘प्रक्षेपण’ या शब्दाचा अर्थ सांगायला दाखवा, आणि तसं स्पष्ट म्हणा.

ग्रीनलंड आणि भारत: एकच उदाहरण, पण पूर्ण

भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. हे सगळेच सांगतात. मी त्याऐवजी भारताशी तुलना करतो, कारण भारताचं क्षेत्रफळ मुलांना पाठ असतं: ३२.८७ लाख चौरस किलोमीटर. ग्रीनलंडचं २१.६६ लाख. म्हणजे भारत ग्रीनलंडच्या दीडपट.

आता ताण लावा. ग्रीनलंडचा मध्य साधारण ७२° उत्तरेला. तिथे अक्षवृत्ताचा घेर विषुववृत्ताच्या जेमतेम ३१ टक्के. तो पूर्ण लांबीचा करायला ३.२ पट ताणावा लागतो. आडवं ३.२ आणि उभंही ३.२, म्हणजे क्षेत्रफळ दहापटीहून थोडं जास्त. २१.६६ लाखाचे नकाशावर सव्वादोन कोटीच्या घरात गेले. भारताचा मध्य २२° च्या आसपास, तिथला ताण १.०८, क्षेत्रफळ १.१६ पट, म्हणजे ३८ लाख. नकाशावर ग्रीनलंड भारताच्या सहापट दिसतं, प्रत्यक्षात दोन-तृतीयांश आहे.

हे गणित स्लाइडवर एका ओळीला एक पायरी असं टाका. सगळं एकदम दाखवलं तर मुलं शेवटचा आकडा उतरवून घेतात आणि मधलं सोडून देतात.

यावरून मर्केटर ‘खोटा’ असा निष्कर्ष वर्गात हमखास निघतो. कोणीतरी युरोपने मुद्दाम स्वतःला मोठं दाखवलं असंही म्हणतं. नकाशा शाळाशाळांत भिंतीवर कसा पोचला यावर वाद घालता येईल, पण १५६९ ची ताणाताणी कोनांसाठी होती. आणि त्या ताणाचा सगळ्यात मोठा लाभार्थी म्हणायचा तर तो अंटार्क्टिका.

आता प्रमाणाकडे परत

भिंतीवरच्या जगाच्या नकाशाखाली छापलेलं प्रमाण दाखवा आणि विचारा, हे कुठलं? मघाशी संत्र्यावर सगळीकडे १ सेंटिमीटर म्हणजे १,६०० किलोमीटर होते. मर्केटर केला की विषुववृत्तावर ते तसंच राहतं, ६०° वर १ सेंटिमीटर म्हणजे ८०० किलोमीटरच. छापलेला आकडा एखाद्या ठरावीक रेषेपुरता खरा असतो, बहुधा विषुववृत्तापुरता. त्यावर पट्टी ठेवून मुंबई ते लंडन अंतर मोजायला देणारी प्रश्नपत्रिका चुकीची आहे.

हे परकं वाटू नये म्हणून भारतातच आणा. देश ८° ४′ पासून ३७° ६′ उत्तरेपर्यंत पसरलाय. मर्केटर नकाशात कन्याकुमारीजवळ १ सेंटिमीटर १०० किलोमीटर दाखवत असेल तर देशाच्या उत्तर टोकाजवळ तोच सेंटिमीटर सुमारे ८० किलोमीटर दाखवतो. म्हणूनच भारताच्या चांगल्या नकाशांसाठी शंकू प्रक्षेपण वापरतात. पुडी देशाच्या अंगावर बसेल अशी ठेवली की ताण बराच कमी राहतो. जाता जाता, स्लाइडसाठी इंटरनेटवरून भारताचा नकाशा उचलू नका, सीमा अनेकदा चुकीच्या असतात. सर्व्हे ऑफ इंडियाचा घ्या.

आणि गावाचा नकाशा? १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग असतो, दक्षिणोत्तर सुमारे २८ किलोमीटर. आपल्या संत्र्यावर तो भाग दोन दशांश मिलिमीटरसुद्धा नाही. सुईच्या टोकाने सालीवर एक टोचा मारा आणि म्हणा, हा एवढा. एवढ्या तुकड्याला तडा जायला जागाच नाही. म्हणून बृहत् प्रमाणाच्या नकाशात पट्टीने अंतर बिनधास्त मोजा आणि जगाच्या लघुप्रमाण नकाशात मोजू नका. बृहत् आणि लघु यांतला गोंधळही इथेच सुटतो: साल जितकी कमी घेतली तितकी ती मोठी करून दाखवता आली, ते बृहत् प्रमाण.

स्लाइड करताना होणारे दोन घोळ

पहिला माझाच. जुन्या, जवळजवळ चौकोनी स्लाइडसाठी केलेला नकाशा मी रुंद पडद्याच्या स्लाइडवर कोपरा धरून ओढून बसवला. पूर्ण जागा भरली, मी खूश. तास अर्धा झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, भारत जाड झालाय.” आडवा एक-तृतीयांश जास्त ताणला गेला होता. विकृतीवर बोलत असताना माझी स्वतःची विकृती पडद्यावर होती आणि ती कोणत्याही प्रक्षेपणाची नव्हती. तेव्हापासून चित्र मोठं करताना मी उंची-रुंदीचं नातं कुलूपबंद ठेवतो, आणि खात्रीसाठी कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ काढून नकाशासोबत एका गटात बांधतो. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं की कुठेतरी ओढाताण झाली.

दुसरा घोळ आकड्याचा. स्थलनिर्देशक नकाशाचा २० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा स्कॅन केला, त्याखाली १:५०,००० लिहिलंय, आणि प्रोजेक्टरने तो भिंतीवर २ मीटर रुंद पडला. चित्र दहापट झालं, म्हणजे भिंतीवर प्रमाण १:५,००० झालं. खालचा आकडा मात्र तसाच, आता खोटा. शब्दप्रमाणाचंही तेच होतं. रेषाप्रमाण टिकतं, कारण ती पट्टी नकाशाबरोबरच मोठी होते. हे सांगू नका, करून दाखवा: एका मुलाला मीटरपट्टी घेऊन पडद्यापाशी पाठवा आणि आधी आकड्यावरून, मग रेषाप्रमाणावरून एकच अंतर मोजायला लावा. दोन उत्तरांत दहापट फरक आला की तीन प्रकारची प्रमाणं का शिकायची हा प्रश्न कोणी विचारत नाही. स्लाइडवर शक्यतो रेषाप्रमाणच ठेवा आणि ते नकाशाच्या चित्रातच असू द्या, वेगळं काढलेलं नको.

घरी करून पाहायला

गृहपाठासाठी कोणताही जगाचा नकाशा घेऊन त्याचं प्रक्षेपण ओळखायला सांगा. सालीची ओळख झाली असेल तर जमतं. रेखावृत्तं सरळ, समांतर आणि अक्षवृत्तांमधलं अंतर ध्रुवाकडे वाढत जाणारं असेल तर मर्केटर. त्यात ६०° ते ७०° मधली पट्टी ०° ते १०° मधल्या पट्टीच्या जवळजवळ अडीचपट उंच भरते, पट्टीने मोजता येते. अंतर ध्रुवाकडे कमी होत गेलं तर समक्षेत्र दंडगोल. अक्षवृत्तं सरळ पण रेखावृत्तं बाकदार असतील तर बहुधा मोलवाइड किंवा रॉबिन्सन यांच्या धाटणीचं काहीतरी, जिथे आकार आणि क्षेत्रफळ यांत तडजोड केलेली असते किंवा कडांना आकार सोडून दिलेला असतो.

आणि मोबाइल. OpenStreetMap उघडून नागपूर मध्यभागी आणा, कोपऱ्यातली प्रमाणाची पट्टी टिपून ठेवा. मग झूम न बदलता नकाशा सरकवत ऑस्लोपर्यंत जा. पट्टी बदललेली असते, कारण तिथे तेवढ्याच सेंटिमीटरमध्ये साधारण निम्मे किलोमीटर बसतात. हा नकाशाही मर्केटरचाच भाऊबंद. मुलं दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात की झूम केलाच नव्हता, मग पट्टी का हलली. फळ्यावरचे दोन दोरे काढले नसतील तर उत्तर तिथेच चिकटवलेलं असतं.

साल त्याच तासात फेकू नका, पण दुसऱ्या दिवसासाठी जपूनही ठेवू नका. रात्रीत ती वाळून पुन्हा आत वळते आणि पाकळ्यांचं माप बदलतं. दुसऱ्या वर्गाला नवं संत्रं लागतं. गर कोणी खायचा हे मात्र तास सुरू होण्याआधी ठरवून घ्या.